जाहिरात आज, पैसे चौदाव्या दिवशी: ऑनलाइन विक्रीत रोख रक्कम कुठे अडकते?

इन्स्टाग्रामवर कुर्ती विकणाऱ्या एका छोट्या दुकानाचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. कुर्ती 800 रुपयांना विकली जाते, खरेदी 350 ला. जाहिरातीवर रोज 1,200 रुपये जातात आणि त्यातून 10 ऑर्डर येतात. सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी.

अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये `Purchase ROAS` 6.67 दिसतो, म्हणजे 1,200 खर्चून 8,000 ची विक्री. बघायला मस्त! पण हा आकडा ऑर्डर पडली की लगेच मोजला जातो. पार्सल परत आलं का, पैसे खात्यात कधी आले, हे त्याला माहीतच नसतं. जाहिरातीवरचा 18 टक्के जीएसटीही त्यात धरलेला नसतो, म्हणून खरा खर्च रोज 1,416 होतो.

10 पैकी 2 पार्सल परत येतात असं धरू. कुरिअरचे जाताना 80 आणि परत येतानाही 80. सगळं वजा करून रोजच्या ऑर्डरवर 1,224 रुपये उरतात. म्हणजे धंदा फायद्यात आहे. तरीही तो अडकतो, तो असा.

पहिल्या दिवशीची ऑर्डर पाचेक दिवसांनी घरी पोचते. कुरिअर कंपनी कॅशचे पैसे त्यानंतर आठवडाभराने पाठवते. आपल्या दुकानाला पहिले पैसे चौदाव्या दिवशी मिळतात. तोपर्यंत जाहिरातीचे 1,416 आणि पार्सल पाठवायचे 800, असे रोज 2,216 खिशातूनच.

सुरुवातीला 200 कुर्त्या भरल्यात आणि हातात 60,000 आहेत. रोज 10 गेल्या की माल 20 दिवस पुरतो. पुरवठादार पूर्ण पैसे आधी घेतो आणि माल 10 दिवसांनी देतो. म्हणजे पुढच्या 200 नगांचे 70,000 दहाव्या दिवशीच द्यायला हवेत. त्या दिवशी शिल्लक किती? 37,840. विक्रीचा एक रुपयाही अजून आलेला नाही.

ऑर्डर लांबवली तर विसाव्या दिवशी माल संपतो आणि जाहिरात बंद करावी लागते. खात्यात 70,000 जमतात बाविसाव्या दिवशी, माल येतो बत्तिसाव्या दिवशी. अकरा दिवस दुकान बंद! वर अ‍ॅड सेट सात दिवस किंवा जास्त थांबवला, तर मेटावर तो पुन्हा लर्निंग फेजमध्ये जातो आणि ऑर्डरचा खर्च काही दिवस वरखाली होतो.

आता जाहिरात निम्मी, रोज 600 ची करून बघू. ऑर्डर 5 येतात असं धरू. माल 40 दिवस पुरतो, पुढचे पैसे तिसाव्या दिवशी द्यायचे. तोपर्यंत सतरा दिवसांची वसुली, म्हणजे 54,400 जमा झालेली असते. खर्च वजा जाता शिल्लक साधारण 79,500. माल भरूनही थोडे उरतात. रोजचा नफा कमी, पण दुकान चालू राहतं. उलट ‘चाललीये तर डबल करू’ म्हणून 2,400 लावले, तर माल 10 दिवसांत संपणार आणि पुढची ऑर्डर पहिल्याच दिवशी द्यावी लागणार. बजेट वाढवलं की प्रत्येक ऑर्डरमागचा खर्चही बहुतेकदा वाढतो, ते वेगळंच.

हे बघायला गूगल शीट पुरेशी आहे. दर दिवसाला एक ओळ. B मध्ये खात्यात प्रत्यक्ष आलेले पैसे, C जाहिरात, D कुरिअर, E माल, F शिल्लक. दुसऱ्या ओळीत `F2` मध्ये सुरुवातीची रक्कम टाका. मग:

```
F3:  =F2+B3-C3-D3-E3
H1:  =MIN(F3:F62)
```

पहिलं सूत्र खाली 60 दिवस ओढा. विक्रीचे पैसे ऑर्डरच्या ओळीत नको, 13 ओळी खाली लिहा, तेही पोचलेल्या 80 टक्क्यांचेच. `H1` म्हणजे 60 दिवसांतली सगळ्यात कमी शिल्लक. ती शून्याखाली गेली, तर C मधला आकडा कमी करून बघा. हाच तुमचा जाहिरातीचा खरा बजेट.

बजेट न कापता फट कमी करायची असेल, तर आधी ऑनलाइन पैसे भरणाऱ्याला 40-50 रुपये सूट द्या. पेमेंट गेटवेचे पैसे साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत जमा होतात आणि अशी पार्सलं परतही कमी येतात. दुसरं म्हणजे पुरवठादाराकडून एकदम 200 ऐवजी 100-100 नग मागा, नगामागे दहा रुपये जास्त पडले तरी. जाहिरात क्रेडिट कार्डवर टाकली तर स्टेटमेंटनंतर लगेच केलेल्या खर्चाला दीड महिन्याच्या आसपास मुदत मिळते. मात्र ते पैसे E मध्ये मालावर उडवले आणि बिल पूर्ण भरता आलं नाही, तर व्याज वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. आपल्या कुर्तीचा नफा त्यात टिकत नाही. म्हणून कार्डाचं बिलही शीटमध्ये त्याच्या भरायच्या तारखेला लिहा.