फोन उचलला तरी रिंग का वाजत राहते? नाटकाच्या संहितेतली 'क्यू शीट' समजून घ्या

एकांकिका स्पर्धांना जाणाऱ्यांनी हा प्रकार कधी ना कधी पाहिलेला असतो. रंगमंचावर फोन वाजतो, नट तो उचलून 'हॅलो' म्हणतो आणि रिंग वाजतच राहते. प्रेक्षागृहात हशा पिकतो. पुढचा प्रसंग कितीही गंभीर असला तरी मग तो उभा राहत नाही. खापर फुटतं ते म्युझिक ऑपरेट करणाऱ्या मुलाच्या डोक्यावर. पण त्याच्यासमोरच्या कागदावर काय लिहिलं होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. त्या कागदाला म्हणतात क्यू शीट.

क्यू म्हणजे इशारा. कोणता आवाज, कोणत्या शब्दावर किंवा हालचालीवर सुरू करायचा, किती मोठा ठेवायचा आणि कसा संपवायचा याची क्रमवार नोंद म्हणजे क्यू शीट. काही जण ती वेगळ्या कागदावर करतात, तर काही जण संहितेच्याच समासात. शक्यतो दोन्ही करावं. संहितेतल्या खुणेमुळे क्यू जवळ आल्याचं कळतं आणि वेगळ्या कागदावर पूर्ण तपशील मिळतो.

(चित्रपट आणि मालिकांच्या जगातही 'क्यू शीट' असते, पण ती वेगळी. कोणतं गाणं किती सेकंद वापरलं, संगीतकार कोण, हक्क कुणाकडे, याची ती यादी असते आणि रॉयल्टीच्या वाटपासाठी लागते. इथे विषय आहे तो प्रयोग चालवणाऱ्या क्यू शीटचा.)

एका कुकरची गोष्ट

समजा, एका एकांकिकेत असा प्रसंग आहे. संध्याकाळची वेळ, स्वयंपाकघर. आई पोळ्या लाटतेय, मुलगी अभ्यास करतेय, गॅसवर कुकर आहे. वडील अजून घरी आलेले नाहीत. फोन येतो. त्यांना अपघात झालाय. आई फोन ठेवते आणि तशीच उभी राहते. कुकरची तिसरी शिट्टी होते, पण गॅस बंद करायला कुणी हलत नाही. मग चौथी होते.

संहितेत लेखकाने कंसात एवढंच लिहिलेलं असतं: 'फोन वाजतो. कुकरच्या शिट्ट्या. करुण संगीत.' या तीन तुकड्यांवर प्रयोग चालवता येत नाही. तालमीत त्याची क्यू शीट साधारण अशी होते:

- क्यू १०: पहिली शिट्टी. आई लाटणं हातात घेते तेव्हा.
- क्यू २०: फोनची रिंग, लूपवर. मुलीच्या 'बाबा अजून आले नाहीत?' मधला 'नाहीत' संपताच.
- क्यू २५: रिंग बंद, कट. आईचा हात फोनला लागताच.
- क्यू ३०: दुसरी शिट्टी. आईच्या 'कुठल्या हॉस्पिटलमध्ये?' नंतर एक श्वास सोडून.
- क्यू ४०: तिसरी शिट्टी. आई फोन ठेवते, त्यानंतर दोन सेकंद मोजून.
- क्यू ५०: चौथी शिट्टी, तिच्यातून तानपुरा. ५ सेकंदांचा क्रॉसफेड. मुलगी 'आई?' म्हणून हाक मारते तेव्हा.
- क्यू ६०: सगळं कट. मुलगी गॅसचं बटण फिरवते तेव्हा.

आकडे १०-१०ने का वाढतात? कारण तालमीत मध्येच एखादा क्यू वाढतो आणि सगळी यादी नव्याने लिहायला कुणालाच वेळ नसतो. इथला २५ असाच मागून आलेला आहे, आणि सुरुवातीच्या फजितीचं उत्तरही त्यातच आहे. रिंगची १५ सेकंदांची फाइल लावून दिली, तर ती १५ सेकंद वाजणारच. पण आई एका प्रयोगात नवव्या सेकंदाला फोनपाशी पोहोचते, दुसऱ्या प्रयोगात पीठ लागलेले हात पुसत चौदाव्या सेकंदाला. म्हणून रिंग लूपवर हवी आणि ती थांबवणं हा स्वतंत्र क्यू हवा. प्रत्येक आवाजाला सुरुवातीइतकाच शेवटही लिहिलेला असला पाहिजे. नवख्या क्यू शीटमध्ये सर्वाधिक चुका इथेच होतात.

शब्दावर की शब्दानंतर?

क्यू दोन प्रकारे बांधला जातो, वाक्याला किंवा कृतीला. वाक्याला बांधताना पूर्ण वाक्य लिहून शेवटचा शब्द अधोरेखित करतात, आणि आवाज त्या शब्दावर हवा की तो संपल्यावर, हेही लिहितात. हा फरक छोटा वाटतो, पण 'शब्दावर' आलेली शिट्टी ते वाक्य खाऊन टाकते.

आणखी एक फसगत नेहमीची. 'बाबा अजून आले नाहीत?' हे वाक्य पानात दोनदा येत असेल, तर ऑपरेटर पहिल्याच वेळी रिंग देऊन मोकळा होतो. अशा वेळी 'दुसऱ्यांदा' असं ठळक लिहावं लागतं, किंवा क्यू कृतीला बांधावा लागतो. नट वाक्य विसरला तर काय करायचं हेही आधी ठरलेलं बरं. फोन वाजल्याशिवाय कथा पुढे जाणार नसेल, तर त्या क्यूपुढे 'वाक्य गेलं तरी द्या' अशी नोंद असते. तानपुऱ्यासारख्या क्यूला अशी घाई नसते.

मोठ्या नाटकात ऑपरेटर स्वतः ठरवत नाही, स्टेज मॅनेजर इंटरकॉमवरून क्यू सोडतो. आधी 'साउंड २०, स्टँडबाय' आणि मग 'साउंड २०, गो'. आकडा आधी आणि 'गो' सर्वांत शेवटी, कारण तो शब्द ऐकताच बोट दाबलं जातं. म्हणून हेडसेटवर इतर गप्पांमध्ये 'गो' म्हणायचं नाही, असा दंडक असतो.

मूडच्या रकान्यात काय लिहायचं?

'दुःखी', 'टेन्शन', 'रोमँटिक' असे शब्द लिहिलेले दिसतात आणि ते जवळपास निरुपयोगी असतात. संगीत देणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, ऑपरेटरला तर नाहीच. त्यापेक्षा त्या क्षणी कुणाला काय माहीत आहे ते लिहावं. क्यू ५०पुढे 'करुण' असं न लिहिता 'आईला कळलंय, मुलीला नाही. संगीत आईच्या बाजूने, पण रडायचं नाही' असं लिहिलं की बरेच पर्याय आपोआप गळतात. भरगच्च व्हायोलिनं जातात, आर्त आलाप जातो. राहतो तो एखादा स्थिर स्वर. तानपुरा इथूनच आला.

याला एक व्यावहारिक कारणही आहे. माणसाचं बोलणं स्पष्ट कळतं ते मुख्यतः १ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यातल्या आवाजांमुळे. त्याच पट्ट्यात ठसठशीत धून वाजवणारं वाद्य असेल, तर संवाद आणि संगीत यांची मारामारी होते. खालच्या स्वरात लावलेल्या तानपुऱ्याच्या गुंजनावरून 'आई?' ही हाक सहज ऐकू येते.

लय फक्त संगीताला नसते

लयीच्या रकान्यात विलंबित, मध्य, द्रुत किंवा मिनिटाला किती ठोके हा आकडा लिहितात. मिनिटाला ६० ठोके म्हणजे सेकंदाला एक. पण आपल्या प्रसंगात लय आहे ती शिट्ट्यांची. गॅसवर पहिली शिट्टी यायला वेळ लागतो आणि नंतरच्या लवकर येतात, हे प्रत्येक घराला माहीत असतं. प्रेक्षक त्याच अंगवळणी पडलेल्या हिशोबाने ऐकतात. म्हणून पहिली आणि दुसरी यांत अंदाजे ४० सेकंद, दुसरी-तिसरीत २५, तिसरी-चौथीत १५ असं अंतर लिहून ठेवलं, की कुणी काही न बोलता प्रसंग आवळत जातो. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद व्हायला हवा होता, हे कळायला संवादाची गरज पडत नाही. नटांनाही हे आकडे द्यावे लागतात. फोनवरचं बोलणं २५ सेकंदांऐवजी ५० सेकंद चाललं, तर क्यू शीट कितीही नेटकी असली तरी लय मोडते.

कट, फेड, क्रॉसफेड

एका आवाजातून दुसऱ्यात किंवा शांततेत कसं जायचं, याच्या या तीन रीती. कट म्हणजे झटक्यात. फेड म्हणजे हळूहळू, आणि तिथे सेकंद लिहिलेच पाहिजेत, कारण 'हळूहळू' म्हणजे एकाचे २ सेकंद आणि दुसऱ्याचे १०. क्रॉसफेडमध्ये एक आवाज उतरत असतानाच दुसरा चढतो.

क्यू ५०मध्ये शिट्टी विरता विरता तानपुरा वर येतो, आणि तो सुरू कधी झाला हे कळता कामा नये. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मधला खड्डा. शिट्टी आधीच खाली गेली आणि तानपुरा अजून वर आलेला नाही, असा एक पोकळ क्षण ऐकू येतो. उपाय सोपा आहे. तानपुऱ्याला एक-दीड सेकंद आधी उचलायचं, किंवा सॉफ्टवेअरमध्ये फेडची वक्ररेषा बदलायची. क्यूलॅबसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते.

क्यू ६० मात्र कटच. खरा कुकर असा एका क्षणात गप्प होत नाही, पण या ठिकाणी रंगमंचाने थोडं खोटं बोललेलं चालतं. तानपुरा आणि वाफ एकदम थांबल्यावरच प्रेक्षकाला कळतं, की इतका वेळ काहीतरी वाजत होतं.

आवाजाची पातळी आणि भरलेलं सभागृह

पातळी 'मोठा' किंवा 'लहान' अशी लिहीत नाहीत. फेडरवरची खूण किंवा डेसिबल लिहितात. १० डेसिबल कमी केलं, की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. पण रंगीत तालमीत रिकाम्या सभागृहात लावलेली पातळी प्रयोगाला पुरत नाही. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात, शिवाय खोकला, कुजबुज असतेच. त्यामुळे जाणकार ऑपरेटर शीटवर तालमीचा आकडा लिहून शेजारी प्रयोगाच्या आकड्यासाठी जागा मोकळी ठेवतो. स्पर्धेत नवं सभागृह आणि साउंड चेकला मोजकी मिनिटं मिळतात. तेव्हा सगळे क्यू वाजवून पाहता येत नाहीत. सर्वांत मोठा एक, सर्वांत लहान एक आणि संवादाखालचा एक, एवढे तपासले तरी बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो.

टेपच्या काळात दोन क्यूंच्या मध्ये रंगीत लीडर टेपचा तुकडा जोडत, म्हणजे पुढचा आवाज कुठे सुरू होतो ते डोळ्यांना दिसायचं. आता फाइल असते, पण तिच्या सुरुवातीला अर्ध्या सेकंदाची शांतता राहून गेली असेल, तर प्रत्येक क्यू अर्धा सेकंद उशिरा येतो आणि दोष बोटाला लागतो. ब्लूटूथ स्पीकरची भर पडली तर उशीर आणखी वाढतो, म्हणून तिथे वायरच हवी. फोनवरून म्युझिक चालवत असाल तर फ्लाइट मोड लावायची सूचना पहिल्या क्यूच्याही आधी, तिसऱ्या घंटेच्या ओळीत लिहितात. नाहीतर क्यू २०ची रिंग वाजायच्या आधीच ऑपरेटरच्या फोनवर खरा कॉल यायचा.