एका दिवसाचे एक लाख ठोके

चोवीस तास अंगावर बाळगायच्या ईसीजी यंत्राचा, म्हणजे 'होल्टर'चा, अहवाल हाती आला की पहिल्या पानावर तीन आकडे ठळकपणे दिसतात. समजा ते असे आहेत : किमान 46, सरासरी 74, कमाल 148. घरातल्या मंडळींची नजर आधी 46 वर जाते आणि मग 148 वर. एक आकडा फार कमी वाटतो, दुसरा फार जास्त. सरासरी पाहून थोडा धीर येतो. खरे तर या तिन्हींपैकी कोणताच आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. ते का, हे समजण्यासाठी हे आकडे मुळात कसे आले ते पाहू या.

हृदयाच्या विद्युत्स्पंदनांचा नीट आलेख काढणारे यंत्र हॉलंडमधील लायडेन येथे विल्यम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवले. ते सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचे होते आणि चालवायला पाच माणसे लागत. रुग्ण हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून स्वस्थ बसे. 1924 साली आइंटहोव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे यंत्रे लहान होत गेली, पण एक गोष्ट बदलली नाही : रुग्णाने पडून राहायचे आणि आलेख काढायचा तो काही सेकंदांचा. धडधड होते ती जिना चढताना, चक्कर येते ती बाजारात. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्यावर मात्र आलेख अगदी सरळ येतो.

अमेरिकेतील माँटाना राज्यात हेलेना नावाचे गाव आहे. तेथील नॉर्मन जेफरिस होल्टर हे डॉक्टर नव्हते. त्यांचे शिक्षण भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी अमेरिकी नौदलासाठी समुद्राच्या लाटांचा अभ्यास केला होता. हालचाल करणाऱ्या माणसाच्या शरीरातील विद्युत्संदेश दुरून टिपता येतील का, हा प्रश्न त्यांनी मानसशास्त्रज्ञ जोसेफ जेंजरेली यांच्याबरोबर हाती घेतला. 1949 च्या सुमाराचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे : होल्टर एका जागी खिळवलेल्या सायकलवर बसून पायडल मारत आहेत आणि त्यांच्या पाठीवर सुमारे 38 किलोचे ओझे आहे. ते ओझे म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबचा रेडिओ-प्रक्षेपक आणि त्याच्या बॅटऱ्या. अशा ओझ्याखाली कोणाच्याही हृदयाची गती वाढेलच! पण आलेख मिळाला, आणि माणूस खाटेवर नव्हता.

पुढे ट्रान्झिस्टर आला, ओझे हलके झाले, रेडिओऐवजी चुंबकीय फीत वापरता येऊ लागली. 1961 साली होल्टर यांनी 'सायन्स' या साप्ताहिकात आपल्या पद्धतीची माहिती दिली. त्यानंतर ब्रूस डेल मार यांच्या कंपनीने ही यंत्रे बाजारात आणली.

येथे एक नवीच अडचण उभी राहिली. मिनिटाला 70 ठोके धरले तरी चोवीस तासांत एक लाखाच्या वर ठोके होतात. ते पाहायचे कोणी आणि कधी? होल्टर यांचा उपाय आम्हाला फार सुंदर वाटतो. त्यांनी फीत साठपट वेगाने फिरवली. मिनिटाला 72 ठोके पडत असतील तर ते आता सेकंदाला 72 पडू लागतात, आणि सेकंदाला 72 कंपने म्हणजे कानाला ऐकू येणारा खर्जातला सूर! हृदय नियमित चालले असेल तर एकसंध घुमारा ऐकू येतो, गती वाढली की सूर चढतो, आणि एखादा ठोका अवेळी पडला की सुरात खरखर येते. त्याच वेळी पडद्यावर प्रत्येक ठोक्याचे चित्र आधीच्या चित्रावर बसत जाते, त्यामुळे वेगळ्या आकाराचा ठोका चटकन डोळ्यांत भरतो. चोवीस तासांची फीत चोवीस मिनिटांत ऐकून होते.

हे ऐकण्याचे आणि पाहण्याचे काम पुढे संगणकाकडे गेले. संगणक ठोके मोजतो, त्यांची वर्गवारी करतो आणि सारांश काढतो. आपले तीन आकडे या सारांशातले. लाख ठोक्यांचे तीन आकडे करताना बरेच काही गळून पडणार, हे उघड आहे. काय गळते, हे एक नमुना अहवाल घेऊन पाहू. नमुना आम्हीच रचला आहे, पण असे अहवाल नेहमी पाहायला मिळतात.

शेहेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. मधूनच धडधड होते, कधी चक्कर येते, ही तक्रार. सकाळी 9 वाजता यंत्र लावले, दुसऱ्या दिवशी 8:40 ला काढले. म्हणजे नोंद 1420 मिनिटांची. त्यातली 30 मिनिटे इलेक्ट्रोड सुटल्यामुळे वाचता आली नाहीत. उरलेल्या 1390 मिनिटांत 1,02,860 ठोके मोजले गेले. भागाकार केला की सरासरी बरोबर 74 येते. कोणी घाईने पूर्ण दिवसाच्या 1440 मिनिटांनी भागले तर 71 येईल, म्हणून वाचता आलेला वेळ किती हे अहवालात आधी पाहावे. आणखी एक गोष्ट गणिताच्या शिक्षकांना उपयोगी पडेल. किमान 46 आणि कमाल 148 यांचा मध्य 97 आहे, पण सरासरी 74. दिवसाचा थोडाच वेळ धावपळीचा असतो, म्हणून सरासरी खालच्या बाजूला झुकते.

आता 46. त्याच्यापुढे वेळ छापली आहे, पहाटे 3:52. बाईंना यंत्राबरोबर एक कागद दिला होता. कोणत्या वेळी काय करत होतो आणि काय त्रास झाला, हे त्यावर लिहायचे. ही लक्षणांची रोजनिशी. तीत लिहिले आहे, 'रात्री 11 ला झोपले, सकाळी 6 ला उठले.' गाढ झोपेत व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि हृदय संथ होते, तेव्हा या 46 चे नवल नाही. हाच आकडा सकाळी 11 चा असता आणि पुढे 'फळ्यासमोर उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली' असे लिहिलेले असते, तर डॉक्टरांनी तो फार गंभीरपणे घेतला असता.

कमाल 148 ची वेळ संध्याकाळी 5:36. रोजनिशीत '5:35, भाजीच्या पिशव्या घेऊन तीन मजले चढले, धाप लागली' अशी नोंद. डॉक्टर येथे आकड्यापेक्षा गती कशी चढली ते पाहतात. ती 90 वरून एक-दोन मिनिटांत हळूहळू चढली आणि वर पोचल्यावर तशीच सावकाश उतरली. श्रमाने वाढलेली गती अशी वागते. एका ठोक्यात 80 ची एकदम 150 झाली असती आणि तितकीच अचानक थांबली असती, तर कारण वेगळे शोधावे लागले असते.

संगणकाने आधी कमाल 148 दिली नव्हती. त्याने 186 दिली होती, सकाळी 7:05 ची. रोजनिशी म्हणते, 'सात वाजता दात घासले.' ब्रश सेकंदाला साधारण तीनदा मागेपुढे होतो, म्हणजे मिनिटाला 180 च्या घरात. हाताच्या आणि छातीच्या स्नायूंची ही थरथर आलेखात उतरते आणि संगणकाला ते ठोके वाटतात. प्रत्यक्ष पट्टी पाहिली की नागमोडी रेषेतून खऱ्या ठोक्यांची उंच टोके 0.7 सेकंदाच्या ठरावीक अंतराने डोकावताना दिसतात, म्हणजे गती 86 च्या आसपास. म्हणून तपासनिसाने 186 खोडून टाकला. पट्टी न पाहता कमाल आकड्यावर विश्वास ठेवू नये, तो यासाठी.

सर्वांत शिकण्यासारखी नोंद मात्र या तिन्ही आकड्यांच्या बाहेर आहे. रोजनिशीत '11:15, छातीत ठोका चुकला, मग धाडकन आवाज झाल्यासारखे वाटले.' यंत्राच्या 11:15 च्या पट्टीवर काहीच नाही. पण बाईंनी त्रास होताच यंत्रावरचे बटण दाबले होते, आणि बटणाची खूण आहे 11:08 ला. शाळेचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते! 11:08 च्या पट्टीवर ठोक्यांमधील नेहमीचे अंतर 0.75 सेकंद आहे, म्हणजे मिनिटाला 80. मध्येच एक ठोका निलयातून वेळेआधी, 0.45 सेकंदाला, उमटला आणि त्यानंतरचा 1.05 सेकंदाने आला. या दोन अंतरांची बेरीज करून पाहा. 0.45 आणि 1.05 मिळून 1.5, म्हणजे 0.75 ची बरोबर दुप्पट. त्या मिनिटातली ठोक्यांची संख्या मुळीच बदलली नाही. किमान, सरासरी, कमाल, तिन्हींना या घटनेचा पत्ताच लागला नाही.

बाईंना मात्र लागला. अवेळी ठोक्याच्या वेळी हृदयात रक्त पुरेसे भरलेले नसते, म्हणून तो दुबळा पडतो. पुढच्या लांबलेल्या विश्रांतीत ते नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात पडतो. 'चुकला' आणि 'धाडकन' हे दोन्ही शब्द तंतोतंत खरे होते. दुबळा ठोका मनगटापर्यंत पोचतही नाही, तेव्हा त्या मिनिटात कोणी नाडी मोजली असती तर 80 ऐवजी 79 भरली असती. अहवालात आपण ज्याला नाडी म्हणतो ती असते हृदयाची विद्युत्गती. बहुतेक वेळा दोन्ही सारख्या असतात, नेहमीच नाही. असे ठोके दिवसातून थोडे पडणे निरोगी माणसांतही आढळते. दिवसभरात एकूण किती पडले, एकेकटे की ओळीने, हे अहवालात वेगळे दिलेले असते, आणि डॉक्टर रुग्णाचे हृदय तपासून त्याचा अर्थ लावतात.

शेवटची नोंद रात्री 9:20 ची, 'उठताना चक्कर आली.' त्या वेळची पट्टी नियमित, गती 76. ही नोंद वाया गेली असे वाटेल, पण डॉक्टरांना तिचाच मोठा उपयोग झाला. लक्षण होते आणि लय ठीक होती, म्हणजे निदान त्या वेळची चक्कर लयीतल्या बिघाडाने आलेली नव्हती. आता रक्तदाब, कान अशा दुसऱ्या दिशांना पाहायचे. याउलट त्या दिवशी चक्कर आलीच नसती, तर अहवाल कितीही चांगला असला तरी चक्करेबद्दल तो गप्प राहिला असता. ज्यांना महिन्यातून एकदाच त्रास होतो त्यांचा चोवीस तासांचा अहवाल बहुधा असाच गप्प असतो. त्यांच्यासाठी आता दोन आठवडे छातीवर चिकटवून ठेवायच्या पट्ट्या आहेत आणि त्वचेखाली बसवून काही वर्षे चालणारी यंत्रेही आहेत. त्रास झाला ती वेळ खुणेने नोंदवण्यासाठी बटण किंवा तशी काही सोय त्यांच्याबरोबरही दिलेली असते.