माहुलीचा पोवाडा

शहापूर-मुरबाडकडील एखाद्या शाळेंत वर्गांत म्हणावयास गडाच्या झुंजीचा पोवाडा रचावयाचा झाला, तर शिक्षकाची दृष्टि प्रथम आसनगांवजवळील माहुलीकडे जावी हें साहजिक आहे. हा गड शौर्यानें राखला गेला, हेंही खरें. परंतु तो कोणी राखला व कोणापासून, या प्रश्नापाशीं येतांच लेखणी अडखळते.

१६६५ सालच्या पुरंदरच्या तहानें जे तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले, त्यांत माहुली होता. १६७० मध्यें शिवाजीमहाराजांनीं ते परत घेण्यास आरंभ केला. फेब्रुवारीच्या प्रारंभीं तानाजी मालुसऱ्यानें प्राण देऊन कोंडाणा मिळविला. त्याच महिन्यांत माहुलीवरही हल्ला झाला. दोहोंकडे बेत एकच : रात्रीं निवडक लोक कड्यावर चढवावयाचे आणि आंतले सावध होण्यापूर्वीं तट हातीं घ्यावयाचा. अशा छाप्याचें सारें बळ गुप्ततेंत असतें. वर पोंचलेले लोक थोडे, खालून कुमक यावयाची ती एकेक करून, आणि माघार घ्यावी तर मागें कडा.

माहुलीचा किल्लेदार मनोहरदास गौड हा रजपूत डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवीत असे. चढून आलेल्यांवर तो तुटून पडला. सुमारें हजार मराठे कामास आले, असें मोगल बाजूच्या वृत्तांतावरून दिसतें. पुढें पुरेशा शिबंदीवांचून गड राखणें अशक्य जाणून त्यानें किल्लेदारी सोडली. त्याच्या जागीं अलावर्दी बेग आला, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत गड मराठ्यांचा झाला.

आतां पोवाडा रचणारापुढें दोन मोह उभे राहतात. एक, पराभवाची रात्र गाळून एकदम जूनमधील विजय गावा. दुसरा, राखणारेच मराठे करून टाकावे. यमक दोहोंस साह्य करतें, कारण ‘गौड’ला ‘दौड’ आयतें मिळतें व ती दौड कोणाची हें कोणी विचारीत नाहीं. पण तेंच यमक सत्यासही राबवितां येतें :

रात्रीं चढती मावळे, निजली वाटे माहुली ।
गौड परी तो जागा होता, त्यास लागली चाहुली ॥

एवढ्यानें शत्रूची सावधता व आपल्या लोकांचें साहस दोन्ही मुलांच्या मुखीं येतात. तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यानें तानाजीचें नांव घरोघरीं नेलें. माहुलीच्या कड्याखालीं पडलेल्यांचीं नांवें त्या लौकिकास पोंचलीं नाहींत. त्यांचें धाडस तानाजीच्या सोबत्यांहून उणें नव्हतें. उणी पडली ती केवळ शत्रूची गाफिली. ती रात्र गाळली, तर जूनमध्यें जिंकलेल्या गडाची किंमत किती पडली हें त्याच तालुक्यांतील मुलांस कळावयाचें नाहीं.