कपाळावरून कपाटात

सियालदह स्थानकातून बाहेर पडणाऱ्या माणसास त्याचे नाव कोणी विचारीत नाही. १८६२ साली ईस्टर्न बेंगॉल रेल्वेची गाडी येथून धावू लागली आणि पूर्व व उत्तर बंगालचा सारा माणूसलोट या दारातून कलकत्त्यात उतरू लागला. त्या लोटात तुरुंगातून सुटलेली माणसेही असत. गावात ज्याला ‘चोर’ म्हणून ओळखत, तो येथे नवे नाव घेऊन हमाल होई, कोणाच्या घरी पाणक्या राही. पुढे पस्तीस वर्षे ही वाट बऱ्यापैकी मोकळी होती. ती कशी बंद झाली, ते आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

त्याआधी मात्र एक पाऊल मागे जावे लागेल. सटवाई बाळाच्या कपाळी जे लिहिते, ते कोणाला वाचता येत नाही, असे आपण मानतो. कंपनी सरकारचे लिखाण सर्वांना वाचता येई. बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या आणि खोटी साक्ष देणाऱ्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदून काढीत. या शिक्षेस ‘गोदना’ म्हणत. कोणी पागोटे भुवयांपर्यंत ओढून घेई, कोणी केस कपाळावर सोडी. १८४९ साली ही चाल कायद्याने बंद झाली आणि सुटलेल्या माणसाचे कपाळ कोरे झाले.

कोरे कपाळ सरकारला लवकरच अडचणीचे वाटू लागले. १८६० च्या दंडसंहितेत साध्या चोरीस जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद होती. परंतु तिच्या ७५ व्या कलमान्वये तीच चोरी शिक्षा भोगलेल्या माणसाने पुन्हा केली, तर जन्मठेप काळे पाणीही होऊ शकत असे. म्हणजे आरोपी पूर्वी तुरुंगात जाऊन आला होता की नाही, या प्रश्नावर माणसाचे उरलेले आयुष्य तोलले जाई. ते सिद्ध कसे करावयाचे? आरोपी नाव बदले. जुना तुरुंगाधिकारी येऊन “हाच तो” म्हणे, आणि कधी चुकेही. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांनी प्रथम फ्रेंच पद्धतीने डोके, हात, पाय मोजून पाहिले. पण दोन शिपायांची मापे एकमेकांशी जुळेनात.

उत्तर बोटांवर सापडले. १८९७ साली सरकारने ठशांची पद्धत मान्य केली आणि कलकत्त्यास रायटर्स बिल्डिंगमध्ये तिचे कार्यालय थाटले गेले. जगातील असे ते पहिलेच. पद्धतीला नाव हेन्रींचे मिळाले. तिच्या मागचे गणित मात्र बव्हंशी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्यांच्या दोन हाताखालच्या अधिकाऱ्यांचे. आपल्याकडे ज्योतिषी बोटांवर शंख आणि चक्रे पाहतात. हक यांनी चक्रांना किंमत दिली. दहा बोटांच्या पाच जोड्या, त्यांच्या किमती अनुक्रमे १६, ८, ४, २, १. ज्या बोटावर चक्र, त्याच्या जोडीची किंमत धरावयाची, नसेल तेथे शून्य. प्रत्येक जोडीतील एकेका बोटाची बेरीज वेगळी ठेवून दोन्ही बेरजांत एकेक मिळवावयाचा. केवळ दोन्ही अंगठ्यांवर चक्र असेल, तर एकीकडे ४ अधिक १ म्हणजे पाच, दुसरीकडे १६ अधिक १ म्हणजे सतरा. तो कागद पाच-सतराच्या खणात जाई. दोन्ही आकडे १ ते ३२ पर्यंत. म्हणून एकूण खण १,०२४. नाव काहीही सांगा, बोटे आपला खण बरोबर सांगत.

दुसऱ्याच वर्षी, १८९८ साली, या कपाटाची परीक्षा झाली. भूतानच्या सरहद्दीवर जलपाईगुडी जिल्ह्यात एका चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक अंथरुणात गळा चिरलेला आढळला. तिजोरीतील काहीशे रुपये नाहीसे झाले होते. संशय मळ्यावरच्या मजुरांवर गेला, स्वयंपाक्यावर गेला, जवळ तळ देऊन असलेल्या काबुल्यांवर गेला. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की, कांगाली चरण नावाच्या एका जुन्या नोकरास या व्यवस्थापकाने चोरीबद्दल तुरुंगात घातले होते आणि तो काही आठवड्यांपूर्वीच सुटला होता. तो या भागात दिसल्याचा पुरावा नव्हता. पण मयताच्या कागदपत्रांत निळसर वेष्टणाचे एक बंगाली पंचांग मिळाले. त्यावर दोन पुसट तपकिरी डाग होते. एकात बोटाच्या रेषा दिसत होत्या. त्या कलकत्त्यातल्या कागदावरील कांगालीच्या उजव्या अंगठ्याशी तंतोतंत जुळल्या. शेकडो मैल दूर बीरभूममध्ये त्याला धरले. डाग रक्ताचा असल्याचा दाखला रासायनिक परीक्षकाने दिला. तरी खून करताना कोणी पाहिले नाही, म्हणून खुनाचा दोष ठेवणे असेसरांना धोक्याचे वाटले. चोरी तेवढी शाबीत झाली, आणि वरिष्ठ न्यायालयाने ती कायम केली.

हा खटला शास्त्राच्या विजयाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. आम्हांस त्यात दुसरेही काही दिसते. त्या काळी कपाट दहा बोटांच्या हिशेबाने लावलेले होते; एका सुट्या अंगठ्यावरून त्यात माणूस शोधता येत नसे. म्हणजे आधी नाव सुचले, मग कागद काढला गेला. आणि नाव सुचण्याचे कारण तो तुरुंगातून सुटला होता, हे. कांगालीच्या बाबतीत संशय खरा ठरला, हे कबूल केलेच पाहिजे. पण मळ्यावर ठसा राहिला नसता, तरीही संशयितांच्या यादीत त्याचे नाव पडलेच असते. सुटल्यापासूनच्या त्या आठवड्यांत तो कोठे राहिला, कोणी काम दिले की नाही, याविषयी हेन्रींच्या वृत्तांतात एक ओळही नाही.

त्याच १८९८ साली नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली. तिच्या ५६५ व्या कलमाने, दुसऱ्यांदा शिक्षा झालेल्या माणसाने सुटल्यावर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता आणि तो बदलल्यास नवा पत्ता कळवीत राहावे, असा हुकूम न्यायालयास देता येई. सियालदहच्या पदपथावर निजणाऱ्याने कोणता पत्ता लिहावा? त्याहून बिकट कलम १०९ वे. ज्याला उपजीविकेचे उघड साधन नाही, त्याच्याकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता येई. जामीन न मिळाला, की तुरुंग. तुरुंगवासामुळे काम नाही, काम नाही म्हणून पुन्हा तुरुंग. जामीनदार व्हावयाचा तो मालकच, आणि मालक तर पूर्वीची शिक्षा ऐकून दार लावून घेणारा! १९७३ च्या संहितेतून उपजीविकेचा हा भाग गळाला. पत्ता कळविण्याचे आणि वाढीव शिक्षेचे कलम मात्र २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या संहितांतही आहे.

नोकरीच्या दारात आता ठशाऐवजी छापील प्रपत्र आहे. सरकारी नोकरी मिळालेल्या उमेदवारास त्यात विचारतात: कधी अटक, खटला, शिक्षा? खरे लिहावे तर नोकरी जाण्याची भीती. न लिहावे तर लपविले म्हणून काढले जाण्याची. २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने थोडी वाट दिली. कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक गुन्हा असेल, तर तो लपविला गेला असला तरी मालकाला क्षमा करता येईल. मात्र खरे सांगितले, तरी नोकरी द्यावीच असे बंधन मालकावर नाही. आमच्या मते अडचण येथेच आहे: खरे बोलण्याची सक्ती उमेदवारावर आहे, आणि त्या खऱ्याचे काय करावयाचे ते मालकाच्या मर्जीवर.

आणि कपाट? ते रायटर्स बिल्डिंगमधून केव्हाच बाहेर पडले. २०२२ च्या कायद्याने ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळे, छायाचित्रे आणि शरीराचे नमुनेही घेता येतात. पूर्वी शिक्षा न झालेला आरोपी निर्दोष सुटला, तर न्यायालयाने वेगळा हुकूम केला नसल्यास ते नष्ट करावयाचे. शिक्षा झालेल्याचे मात्र ते घेतल्यापासून ७५ वर्षे जपून ठेवावयाचे. बावीस वर्षांच्या पोराचा अंगठा आज कागदावर उमटला, तर तो सत्त्याण्णव वर्षांचा होईपर्यंत तो त्या खणात राहील.