ठुमरीतला शब्द

विलंबित ख्यालात गायक बंदिशीचा मुखडा तेवढा धरून राग उभारतो. आकारात, तानेत शब्द विरले तरी बिघडत नाही. बनारसच्या बोलबनावाच्या ठुमरीत असे विरणे परवडत नाही. तिथे 'न आलेल्या सख्या'ची एकच ओळ पुनःपुन्हा येते आणि त्यातला 'न' कधी रुसवा, कधी विनवणी, कधी नुसते भय होतो. त्या छटेसाठी खमाजात परका स्वरही खपतो. अखेरीस लग्गी. दादरा सहा मात्रांचा, अधिक खेळकर.

मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (१८७२–१९३७) झिंझोटीतील प्रसिद्ध ठुमरीत मात्र शब्दाहून स्वराचीच ओढ मोठी आहे. ती उत्कट आहे, पण मला ती ख्यालियाचीच ठुमरी वाटते.