प्लेटलेट घटतात, तरी गाठ होते

आर्णीत प्लेटलेट कमी झाल्या म्हटलं की डेंग्यू आठवतो आणि रक्तस्रावाची भीती वाटते. हेपॅरिनच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे.

1958 साली वाइझमन आणि टोबिन या अमेरिकी डॉक्टरांनी दहा रुग्णांची हकीकत छापली. गाठ होऊ नये म्हणून हेपॅरिन चालू होतं, आणि तेव्हाच धमन्यांत नव्या गाठी अडकल्या. कारण कळेना. 1973 मध्ये ऱ्होड्स, डिक्सन आणि सिल्व्हर यांनी दाखवलं की अशा रुग्णांच्या प्लेटलेटही घसरतात, आणि त्यांच्या रक्तातच प्लेटलेट चिकटवणारं काहीतरी असतं.

पुढे उलगडलं ते असं. हेपॅरिन प्लेटलेटमधल्या पीएफ-4 या प्रथिनाला चिकटतं. शरीर त्या जोडीविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि ती प्लेटलेटना चेतवतात. मग प्लेटलेट गाठीत खर्ची पडतात. म्हणजे आकडा घटतो तो गाठी होत असल्यामुळेच!

म्हणून पाचव्या ते दहाव्या दिवशी आकडा अडीच लाखांवरून एक लाखावर आला, तर संशय घ्यायचा. हेपॅरिन थांबवायचं, पण तेवढ्यावर भागत नाही. गाठ रोखणारं दुसरं औषध लागतं. रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवणं मात्र टाळायचं.