फॅक्टचेक लेबल आणि त्यावरची हरकत

फॅक्टचेक लेबल : समाजमाध्यमावरील मजकुरात, फोटोत किंवा व्हिडिओत केलेला दावा पडताळून तो खोटा, फेरफार केलेला किंवा अर्धवट असल्याची सूचना त्या पोस्टवरच लावतात, ती. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीने ही पद्धत २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेत सुरू केली. भारतात ती एप्रिल २०१८ मध्ये, कर्नाटक विधानसभेच्या निवडणुकीवेळी, ‘बूम’ या मुंबईच्या संस्थेबरोबर आली. मराठी मजकूर तपासणाऱ्या फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर अशा संस्था नंतर त्यात आल्या. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने अमेरिकेपुरती ही पद्धत गुंडाळण्याची घोषणा केली. भारत त्या घोषणेत नव्हता.

लेबल कंपनी लावते, पण दाव्याचा निवाडा बाहेरची संस्था करते. हरकत कुणाकडे घ्यायची हे यावरूनच ठरते आणि बहुतेकांची गल्लतही इथेच होते. निवाड्यात `False`, `Altered`, `Partly false`, `Missing context` अशा पायऱ्या आहेत. पहिल्या दोहोंत पोस्ट झाकली जाते आणि तिचा प्रसार बराच कमी होतो. शेवटच्या पायरीला सूचना सौम्य असते. पोस्ट काढून टाकली जात नाही. मात्र वारंवार लेबल लागलेल्या पेजचा एकूण प्रसार घटतो, जाहिरात आणि कमाईची सोयही जाऊ शकते. निवडून आलेल्या नेत्यांच्या आणि उमेदवारांच्या स्वतःच्या विधानांना मेटाने या तपासणीतून वगळले आहे. नेत्याला सूट आणि त्याचे म्हणणे पुढे पाठवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पेजवर बारीक नजर, हा या पद्धतीतला उघड अन्याय आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वारणा आणि दक्षिण भागातून पंचगंगा वाहते, त्यामुळे या भागात लेबलाचा प्रश्न पावसाळ्यात हमखास येतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांचे हजारो फोटो आणि व्हिडिओ लोकांच्या फोनमध्ये आहेत. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी त्या आकड्यांकडे सरकू लागले की जुने व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरू लागतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे बहुतेक पावसाळ्यांत उघडतात आणि दर वर्षीचे दृश्य सारखेच दिसते. व्हिडिओ कोणत्या सालचा हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ; ते काल्पनिक आहे, पण सगळे टप्पे खरे आहेत. रुकडीच्या एका तरुणाने ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्याखाली गेलेल्या रस्त्याचा फोटो काढला आणि ‘ऑगस्ट २०१९’ अशी ओळ लिहून आपल्या पेजवर टाकला. काही वर्षांनी कुणीतरी तोच फोटो उचलून ‘आज सकाळची परिस्थिती’ म्हणून फिरवला. पडताळणी संस्थेने तो दावा खोटा ठरवला, आणि तो निवाडा बरोबरच होता. पण एका पोस्टवर निवाडा झाला की त्याच्याशी जुळणाऱ्या बाकीच्या पोस्ट संगणक शोधून काढतो आणि त्यांनाही तेच लेबल चिकटवतो. संगणकाने चित्र जुळवले, शेजारची ओळ नाही. असे झाले की ज्याने तारखेसकट खरे लिहिले, त्याच्याच पोस्टवर खोटेपणाचा शिक्का बसतो.

अशा वेळी आधी लेबलावरची लिंक उघडून संस्थेचा लेख शेवटपर्यंत वाचावा. संस्थेने नेमका कोणता दावा तपासला, हे त्यात लिहिलेले असते. आपला दावा तोच आहे का, हा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. इथे उत्तर ‘नाही’ आहे, म्हणून हरकतीला आधार आहे. हरकत त्या संस्थेकडेच पाठवायची. संपर्काचा ईमेल किंवा फॉर्म तिच्या संकेतस्थळावर असतो. पत्र थोडक्यात असावे: आपल्या पोस्टची लिंक, त्यांच्या लेखाची लिंक, आणि ‘आपण “आज” हा दावा तपासला आहे, माझ्या पोस्टमध्ये “ऑगस्ट २०१९” असे पहिल्यापासून लिहिलेले आहे’ असे एक-दोन वाक्यांत. सोबत पुरावा जोडावा. पोस्ट नंतर बदलली असेल तर तेही सांगावे, कारण बदलांचा इतिहास पोस्टवर दिसतो. उत्तर येईपर्यंत पोस्ट डिलीट करू नये. पोस्टच नसेल तर तपासायला काही उरत नाही.

हरकत बहुतेक वेळा पुराव्यापाशी अडते. कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचे मॉडेल आणि कधी कधी ठिकाणही नोंदलेले असते. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही नोंद पुसली जाते आणि चित्रही दाबून लहान होते. म्हणून ग्रुपवरून परत मिळवलेली प्रत किंवा स्क्रीनशॉट पाठवून उपयोग नाही. फोनमधली मूळ फाइल ईमेलला जोडावी. तीही नसेल, तर त्याच दिवशी टाकलेल्या जुन्या पोस्टची लिंक, त्याच रस्त्याची त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी, किंवा त्याच ठिकाणाहून लागोपाठ घेतलेले इतर फोटो चालतात.

याउलट, राजाराम बंधाऱ्याची आजची पातळी अचूक लिहिली पण शेजारी २०१९ चा फोटो तारखेशिवाय लावला, तर ‘आकडा खरा होता’ ही हरकत टिकत नाही. वाचणारा पातळीचा अंदाज फोटोवरूनच करतो. इथे भांडण्यापेक्षा दुरुस्ती करावी: फोटो जुना असल्याचे पोस्टमध्ये ठळक लिहावे आणि तसे संस्थेला कळवावे. दुरुस्ती मान्य झाली की निवाडा बदलण्याचा अधिकार संस्थेला आहे.

उत्तरच आले नाही तर? या संस्था आंतरराष्ट्रीय तथ्यपडताळणी जाळ्याची आचारसंहिता पाळण्याचे बंधन स्वीकारतात, आणि चूक सुधारण्याची जाहीर पद्धत असणे ही त्यातली अट आहे. ती पाळली गेली नाही तर जाळ्याकडे तक्रार करता येते, पण जाळे स्वतः लेबल काढत नाही. देशाच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीच्या भारतातील तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागता येते. त्याचे उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे `gac.gov.in` वर अपील होते. ही वाट कंपनीच्या वागणुकीसाठी आहे. पूर कोणत्या सालचा हे समिती ठरवील, अशी अपेक्षा धरू नये.

सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा ‘फेक’ शिक्का वेगळा. केंद्राविषयीच्या मजकुराला असा शिक्का बसल्यावर माध्यम कंपनीवर कायदेशीर दडपण येईल, अशी तरतूद २०२३ मध्ये नियमांत घातली गेली. कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते दुभंगली. तिसरे न्यायमूर्ती अ. श. चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ही लेबलाची पद्धत लागू नाही. तिथले संदेश कंपनीला वाचता येत नाहीत, त्यामुळे फॅक्टचेक लेबल नसते. जास्त फिरलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसतो, पण तो खरेखोटे सांगत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षुकांना ठार मारले, तेव्हा अशाच संदेशांनी भीती पसरवली होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

नदीकाठच्या गावांत पुराचे फोटो काढणाऱ्यांना एवढीच विनंती: पोस्ट करताना दिनांक आणि गाव लिहा, आणि मूळ फाइल फोनमधून पुसण्याआधी दुसरीकडे जपून ठेवा.